वाढीव कामाचा होकार: व्हॉट्सॲपवर, मेलवर, की पीओ बदलून?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या काट्याच्या केबिनमध्ये उभं राहून धाकटे मालक मला म्हणाले, "हे वजन हाताने कशाला टाकायचं? काट्यावरचा आकडा आपोआप चलनात येतोय का बघा की. एवढं काय मोठं काम नाय, बसवून टाका." तारीख होती ६ फेब्रुवारी. आम्ही त्यांना गेटपास, चलन आणि डिस्पॅचचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करून देत होतो. पीओ, म्हणजे त्यांची लेखी ऑर्डर, १,८०,००० रुपयांची, जीएसटी वेगळा, आणि द्यायची तारीख २८ फेब्रुवारी. पीओत काट्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

"बसवून टाका" हे शब्द मी याआधीही ऐकले होते. दुसऱ्या एका कारखान्यात अशाच एका वाढीव कामाला प्रॉडक्शन मॅनेजरने व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दिला होता. पीओ ९५,००० ची होती आणि मी बिल १,२१,००० चं लावलं. अकाउंट्सने ते परत केलं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, "पीओप्रमाणे नाही". मॅनेजरसाहेब अंगठा नाकारत नव्हते, पण बिल पास करणं त्यांच्या हातात नव्हतं. चार महिने खेपा घातल्यावर वरच्या २६,००० मधले निम्मे मिळाले, तेही पुढच्या कामात वळते करून.

त्यामुळे आता वाढीव काम निघालं की मी आधी एक गोष्ट ठरवतो: होकार लेखी कुठे घ्यायचा. आमच्याकडे त्याचे तीन रस्ते आहेत, व्हॉट्सॲप, मेल आणि पीओची अमेंडमेंट. राजारामपुरीत आमच्यासारखी दोन-तीन माणसांची सॉफ्टवेअरची दुकानं बरीच आहेत आणि तिथली बहुतेक मंडळी पहिल्यावरच थांबतात. हेच काट्याचं काम तिन्ही रस्त्यांनी कसं दिसतं ते पुढे मांडतो, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाला कोणता लागू पडेल ते तुम्हाला ताडता येईल.

आधी आकडा आणि तारीख

कुठलाही रस्ता घ्या, लिहायचा मजकूर आधी तयार हवा. "थोडा खर्च वाढेल, थोडा वेळ लागेल" असं लेखी देणं हे न देण्यापेक्षा वाईट, कारण उद्या त्यातलं 'थोडा' ज्याने त्याने आपल्या सोयीने मोजायचं.

काट्याचं काम मोडून पाहिलं तर त्याचे तीन तुकडे पडले. काट्याच्या इंडिकेटरमधून आरएस-२३२ पोर्टवर वजनाचा आकडा सतत बाहेर पडत असतो. तो केबिनमधल्या कॉम्प्युटरवर वाचणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ४ दिवस. चलनाच्या स्क्रीनवर तो आकडा आणायचा, आणि काटा बंद असताना कोणी हाताने वजन टाकलंच तर कारण विचारून नोंद ठेवायची, त्याला २ दिवस. शेवटचे २ दिवस जागेवर, भरलेल्या गाड्या काट्यावर घेऊन चाचणीचे. गाडीचं इंजिन चालू असलं की आकडा थरथरतो, आणि तो स्थिर झाल्याशिवाय चलनात घ्यायचा नाही. हे ऑफिसात बसून तपासता येत नाही. एकूण ८ दिवस, दिवसाला ४,००० प्रमाणे ३२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६० धरून ३७,७६०.

जीएसटी वेगळा लिहायचा कंटाळा करू नका. नुसते "३२ हजार" लिहिले की देणारा ते सगळं धरून समजतो आणि घेणारा सोडून, आणि मग ५,७६० रुपयांवरून उगाच तोंड कडू होतं.

तारखेचं गणित मात्र बेरजेने होत नाही. ८ दिवसांचं काम म्हणून २८ फेब्रुवारीत ८ मिळवून चालत नाही. आमच्याकडे हातच मोजके, आणि २८ पर्यंत ते मूळ कामात अडकलेले. पुढचे ८ कामाचे दिवस, मधल्या साप्ताहिक सुट्ट्या आणि रंगपंचमी धरायची. कोल्हापुरात रंगपंचमीला काट्यावर कोण उभं राहणार? शिवाय चाचणीला हवी तशी भरलेली गाडी त्याच दिवशी येईल असंही नाही. म्हणून १४ मार्च.

या तारखेला दोन अटी चिकटलेल्या होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे कोड लिहिणाऱ्या मुलाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाठवायचं ठरत होतं. त्यांना थांबवायचं तर ११ फेब्रुवारीच्या आत मला पक्कं कळायला हवं होतं. १२ ला होकार आला म्हणून तारीख १५ मार्च होत नाही, ती थेट महिनाअखेरीला जाते, कारण तोवर मुलगा तिकडे गुंतलेला असतो. होकार जितके दिवस लांबला तितकेच दिवस काम लांबेल, असं गिऱ्हाइकाला वाटतं. हे आधी लिहून नाही दिलं तर नंतर ते सबबीसारखं ऐकू येतं. दुसरी अट इंडिकेटरची. त्याचं आउटपुट चालू करून वायर केबिनपर्यंत आणून देणं हे काट्याच्या सर्व्हिसवाल्याचं काम. त्याला बोलवायचं मालकांनी.

व्हॉट्सॲप

बाजू घेऊन सांगायचं तर व्हॉट्सॲपइतकं वेगवान काही नाही. मालक मेल उघडो न उघडो, मेसेज दहा मिनिटांत बघतात. २०-२५ हजारांच्या आतलं काम, एकटा मालक, तोच चेक लिहिणारा, असं असेल तर मी आजही इथेच थांबतो. फक्त मजकूर असा हवा की तो एकटा वाचला तरी पूर्ण कळेल:

> नमस्कार साहेब. काल काट्याच्या केबिनमध्ये बोलल्याप्रमाणे काट्यावरचं वजन थेट चलनात आणायचं वाढीव काम: ३२,००० रुपये + १८% जीएसटी ५,७६० = ३७,७६०. मूळ काम ठरल्याप्रमाणे २८ फेब्रुवारीलाच मिळेल. काट्याचा भाग १४ मार्चला. त्यासाठी ११ फेब्रुवारीपर्यंत आपला होकार, आणि २८ फेब्रुवारीपर्यंत इंडिकेटरची वायर केबिनमध्ये हवी. होकार आल्यावरच हे काम सुरू करू. याच मेसेजला रिप्लाय करून 'मान्य' लिहावे.

शेवटचं वाक्य भोचक वाटेल, पण त्यातच सगळं आहे. नुसता "ओके" चॅटमध्ये खाली येऊन पडला आणि त्याच्या वर दोन मेसेज असले, एक पैशाचा आणि एक "उद्या येतोय" असा, तर तो ओके कुणाला, हे तीन महिन्यांनी कोण सांगणार? मेसेज धरून रिप्लाय दिला की वरचा मजकूर उत्तराला चिकटलेला राहतो.

दुसरं म्हणजे व्हॉइस नोट. आमच्याकडचे मालक टाइप करत नाहीत, गाडी चालवता चालवता चाळीस सेकंद बोलून मोकळे होतात. त्यात होकारही असतो, वाढीव अपेक्षाही असते आणि मध्येच कुणाला तरी "ए, ट्रॉली बाजूला घे रे" असतं. अशा नोटला मी लगेच लिहून उत्तर देतो: "आपल्या व्हॉइस नोटप्रमाणे ३७,७६० आणि १४ मार्च मान्य असल्याचं समजलो. फरक असेल तर कळवा." ही नोंद होकाराची जागा पूर्णपणे घेत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

ग्रुपचा प्रश्न यापेक्षा नाजूक. कामाचा ग्रुप असतो, त्यात मालक, मॅनेजर, काट्यावरचा मुलगा असे सगळे असतात. तिथे पैशाचा आकडा टाकू नका. कामगारांसमोर "३७ हजार वाढले" म्हटल्यावर मालकाला घासाघीस करावीच लागते, नाहीतर तो बावळट ठरतो. आकडा मालकाच्या नंबरवर पाठवायचा आणि ग्रुपवर फक्त नवी तारीख टाकायची.

व्हॉट्सॲपची उणीव ही की मजकूर हलता आहे. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि कुणी ९० दिवसांनी मेसेज आपोआप जाण्याची सोय चालू केली असेल तर बिल लावायच्या वेळेला होकारच गायब. होकार आला की त्या दिवशीच चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या मेलवर टाकून ठेवावी. स्क्रीनशॉटपेक्षा एक्स्पोर्ट बरं, त्यात तारीख-वेळेसह सगळा सिलसिला येतो. पण खरी उणीव आणखी वेगळी आहे: हा होकार मालकाच्या खिशात राहतो. अकाउंट्सचे काका तो बघत नाहीत, आणि त्यांनी बघावा अशी सोयही नसते.

मेल

फाउंड्रीचं काम ३७ हजारांचं, मालक दोन (थोरले आणि धाकटे), आणि बिल बघणारे काका तिसरे. म्हणून मी मेल निवडला.

मेलचा फायदा मला फार उशिरा कळला. मेलला उत्तर आलं की मूळ मजकूर खाली तसाच जोडलेला येतो. समोरच्याने कंटाळून नुसतं "ओके, सुरू करा" लिहिलं तरी त्याच्या खाली आकडा, तारीख, अटी सगळं असतं. त्या आळसाचा फायदा आपल्याला होतो. दुसरं, सीसीमध्ये अकाउंट्सला ठेवता येतं, म्हणजे बिल येण्याआधी महिनाभर काकांना कळतं की बिल वाढणार आहे. विचारून ठेवावं मात्र, मालकाला न सांगता अकाउंट्सला सीसी करणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांकडे परस्पर तक्रार केल्यासारखं दिसतं. मी धाकट्यांना फोन केला: "मेल टाकतोय, काकांना पण घालतो, म्हणजे बिलाला अडचण नको." ते म्हणाले, "घाला की."

विषयाच्या ओळीत मूळ पीओचा नंबर आणि 'वाढीव काम १' असं लिहितो. वाढीव कामांना नंबर देण्याची सवय लावून घ्यावी, कारण ती एकटी कधीच येत नाहीत. मेलचा मजकूर हा असा गेला:

> आदरणीय साहेब,
>
> आपल्या पीओप्रमाणे चालू असलेल्या डिस्पॅच सॉफ्टवेअरच्या कामात ६ फेब्रुवारी रोजी प्रत्यक्ष चर्चेत पुढील वाढ सुचवण्यात आली: काट्याच्या इंडिकेटरवरील वजन थेट चलनात येणे, आणि वजन हाताने भरल्यास कारणासह नोंद राहणे.
>
> या कामात काट्याचे कॅलिब्रेशन, इंडिकेटरची दुरुस्ती, वायर व कन्व्हर्टर यांचा समावेश नाही. काम एका काट्यापुरते आहे.
>
> वाढीव रक्कम: ३२,००० + जीएसटी ५,७६० = ३७,७६० रुपये. पीओची मूळ रक्कम १,८०,०००, वाढीनंतर २,१२,००० (जीएसटी वेगळा).
>
> मूळ कामाची तारीख २८ फेब्रुवारी, त्यात बदल नाही. काट्याचा भाग १४ मार्च रोजी. ही तारीख ११ फेब्रुवारीपर्यंत होकार आणि २८ फेब्रुवारीपर्यंत इंडिकेटरचे आउटपुट केबिनपर्यंत मिळेल हे धरून आहे. होकार त्यानंतर आल्यास तारीख नव्याने कळवू. आउटपुट उशिरा मिळाल्यास तितके दिवस तारीख पुढे जाईल.
>
> वाढीव रकमेपैकी निम्मी होकारासोबत, निम्मी काट्याचा भाग चालू झाल्यावर. आपला लेखी होकार आल्यावर हे काम सुरू करू. तोपर्यंत मूळ काम ठरल्याप्रमाणे चालू राहील.

"समावेश नाही" हा परिच्छेद पुष्कळ जण गाळतात, कारण लिहिताना तो खडूस वाटतो. मला विचाराल तर किमतीनंतर सगळ्यात महत्त्वाचा तोच. फाउंड्रीत दुसरा एक छोटा काटा होता, कास्टिंग मोजायचा. "एका काट्यापुरते" हे दोन शब्द नसते तर मार्चमध्ये तोही आमच्या गळ्यात आला असता, त्याच ३२ हजारांत.

"सात दिवसांत उत्तर न आल्यास आपणास मान्य आहे असे समजू" असं वाक्य काही जण घालतात. मी घालत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, हे सहसा कायद्यात टिकत नाही आणि माणसातही टिकत नाही. मूळ करार बदलायचा तर तो दोघांनी मान्य करावा लागतो, भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ६२ चा गाभा तोच. उलट "होकार आल्यावरच सुरू करू" या वाक्याने उत्तर द्यायची गरज त्यांना पडते, कारण न दिल्यास त्यांचं काम थांबतं.

कायद्याचं निघालंच आहे म्हणून एवढं. होकार व्हॉट्सॲपवर आहे की मेलवर, यावरून करार कच्चा-पक्का ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०ए सांगतं की इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून करार रद्दबातल ठरत नाही. कोर्टात दाखवायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते दोन्हींनाही सारखंच लागतं. पण ३७ हजारांसाठी कोर्टात कोण जातं? हायकोर्टाचं सर्किट बेंच २०२५ च्या ऑगस्टपासून गावातच बसतंय म्हणून काय झालं! आपला कागद न्यायाधीशापेक्षा अकाउंट्सच्या काकांसाठी जास्त असतो.

मेलची कमजोरी म्हणजे तो वाचला जात नाही. कारखान्याचा मेल बहुधा ऑफिसातला एक मुलगा उघडतो, मालक नाही. म्हणून मेल गेला की मी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकतो: "मेल पाठवला आहे, त्यावरच 'मान्य' लिहून उत्तर द्यावे." व्हॉट्सॲप इथे फक्त हाक मारायला वापरायचं. धाकट्यांनी त्यावर व्हॉट्सॲपवरच "हो" पाठवलं, तसं होणारच होतं. मी पुन्हा विनंती केली, आणि १० तारखेला संध्याकाळी मेलवर तीन शब्द आले: "ओके, सुरू करा."

पीओची अमेंडमेंट

११ ला सकाळी काकांचा फोन. "मेल बघितला. पण बिल २,१२,००० चं आलं तर माझ्याकडे पीओ १,८०,००० ची आहे. अमेंडमेंट काढून घ्या, नाहीतर मी अडकवणार, आधीच सांगतोय." मला त्यांचा राग आला नाही. चार महिन्यांच्या खेपांपेक्षा हा एक फोन स्वस्त.

अमेंडमेंट म्हणजे त्याच पीओची सुधारलेली आवृत्ती: तोच नंबर, पुढे 'अमेंडमेंट १', नवी रक्कम, नवी तारीख, सही-शिक्का. पैशाच्या दृष्टीने यासारखा पक्का कागद नाही, कारण बिल पास करणारा माणूस त्याच कागदाशी बिल ताडून बघतो. पण तो आपल्या हातात नसतो. आपण मेल लिहू शकतो, अमेंडमेंट त्यांनीच काढायची. परचेसवाल्याने टाइप करायचं, थोरल्या मालकांची सही हवी, आणि थोरले मालक त्या आठवड्यात पुण्याला. ती १९ फेब्रुवारीला हातात आली. म्हणजे मेलवर होकार आल्यावरही पुढे नऊ दिवस कागदाचे गेले.

त्या नऊ दिवसांत काय करायचं, हा तिथला खरा पेच. होकार मेलवर होता, पण ॲडव्हान्सचे १८,८८० अमेंडमेंटशिवाय सुटत नव्हते. मी त्या काळात फक्त अर्धा दिवस घातला, इंडिकेटरमधून आकडा कोणत्या रूपात बाहेर पडतो ते बघून घेण्यात. काम रद्द झालं तर तेवढंच नुकसान. मुलाला मार्चसाठी अडवून ठेवलं, पण कोड लिहायला बसवलं नाही. काम १ मार्चनंतरच सुरू व्हायचं असल्याने ही वाट बघणं परवडलं. तुमचं वाढीव काम उद्यापासून सुरू व्हायचं असेल तर अमेंडमेंटची वाट बघणं म्हणजे तारीख हातची घालवणं. तिथे मालकाच्या मेलवर सुरू करावं आणि निम्मे पैसे आधी मागावेत.

अमेंडमेंट हातात आल्यावर ती वाचायची, फोटो काढून फाइलला लावायची नाही. आमच्या कागदावर रक्कम २,१२,००० बरोबर होती, पण तारखेच्या रकान्यात जुनंच २८ फेब्रुवारी. टाइप करणाऱ्याने फक्त रक्कम बदलली होती. आणि पीओच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं: उशीर झाल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का कपात. माल पुरवणाऱ्यांसाठी छापलेली अट, पण पीओ एकच, म्हणून आम्हालाही लागू. दोन आठवड्यांचा उशीर म्हणजे २,१२,००० वर २,१२० रुपये. रक्कम किरकोळ, पण बिलावर कपात बसली की ती सोडवायला पुन्हा मालकाची सही, आणि तोवर सगळं बिल थांबलेलं. म्हणून कागद परत पाठवला. दोन ओळी तारखेच्या लिहून मागितल्या: मूळ काम २८ फेब्रुवारी, काट्याचा भाग १४ मार्च. २१ ला ती मिळाली.

एक तारीख की दोन

तारीख दोन ओळींत का मागितली ते सांगायला हवं, कारण इथे पुष्कळ जण हातचे पैसे घालवतात. मूळ कामाचे हप्ते ४०-४०-२० टक्के असे होते. दुसरे ४० टक्के, म्हणजे ७२,००० अधिक जीएसटी, काम दिल्यावर. वाढीव कामासोबत सगळीच तारीख १४ मार्च केली असती तर हे ७२,००० दोन आठवडे पुढे गेले असते, ३२,००० च्या कामापायी.

एक तारीख ठेवण्यात सोय आहे हे खरं, गिऱ्हाइकाला एकदाच शिकवायचं, एकदाच चाचणी. वाढीव कामाने मूळ कामाचा पायाच बदलत असेल, म्हणजे चलनाची सगळी रचनाच नव्याने करायची असेल, तर दोन तारखा ठेवणं लबाडी होईल, कारण २८ ला दिलेलं काम १४ ला मोडावं लागेल. काट्याचं तसं नव्हतं. हाताने वजन टाकून चलन २८ पासून निघू शकत होतं, नंतर फक्त आकड्याचा उगम बदलायचा होता. असा भाग वेगळा करता येत असेल तर तारखाही वेगळ्या ठेवा आणि बिलंही.

मग कोणी काय निवडावं

दुकानदार, डॉक्टर, एकट्या मालकाचं वर्कशॉप, जिथे सांगणारा आणि पैसे देणारा एकच: व्हॉट्सॲप पुरे, वरच्यासारखा पूर्ण मजकूर आणि त्यालाच रिप्लाय. मेलचा आग्रह धरलात तर त्यांना तुम्ही अविश्वास दाखवताय असं वाटेल.

सांगणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, पण दोघं एका घरातले किंवा एका ऑफिसातले: मेल. भागीदारीत तर मेलच, दोघांनाही पाठवलेला. एका भागीदाराने दिलेला होकार दुसऱ्याला बिलावरूनच कळला की बिलाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

काम पीओवर आलेलं असेल तर वाढीव कामही पीओवरच गेलं पाहिजे, रक्कम पाच हजार असली तरी. मेल तिथे अमेंडमेंट येईपर्यंतचा पूल आहे. मूळ काम नुसत्या कोटेशनवर आणि तोंडी होकारावर चालू असेल, पीओ मुळात नसेलच, तर अमेंडमेंट मागू नका, ती कशाची काढणार? सुधारित कोटेशन द्या, जुन्याचा नंबर आणि तारीख त्यात लिहा, "हे आधीच्या कोटेशनच्या जागी" असं स्पष्ट म्हणा, आणि मालकाची सही घ्या. इथे सही महत्त्वाची, नाहीतर दोन कोटेशनं फाइलीत शेजारी बसतात आणि पैसे देताना कमी आकड्याचं वर काढलं जातं.

फाउंड्रीत पुढे झालं ते असं. मूळ काम २८ ला गेलं, ७२,००० चं बिल लागलं. काट्याचा सर्व्हिसवाला २८ ऐवजी ३ मार्चला उगवला. मी त्याच संध्याकाळी मेलवर, त्याच सिलसिल्यात, दोन ओळी टाकल्या: "इंडिकेटरचे आउटपुट आज, ३ मार्चला मिळाले. ठरल्याप्रमाणे तितके दिवस पुढे, म्हणजे काट्याचा भाग १७ मार्चला." काकांना सीसी होतंच. १७ ला दुपारी मालाने भरलेली पहिली गाडी काट्यावर चढली, आकडा थरथरून थांबला आणि चलनात उतरला. काकांनी बिल घेतलं, अमेंडमेंटच्या १४ वर बोट ठेवलं, मग ३ तारखेच्या मेलची प्रिंट काढून बिलाला टाचली आणि म्हणाले, "हे बरं केलंत."